पंचेचाळीस सेकंदांचा सौदा

शिकवणाऱ्या यूट्यूब चॅनलने जाहिरात घ्यावी की नाही, या वादात मला आता रस उरलेला नाही. कॅमेरा, माइक, एडिटिंग करणाऱ्या मुलाचा पगार, आकृत्या काढून देणारीचं मानधन, हे सगळं कुणीतरी भरायचं असतं. दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलाकडून ते घ्यायचं नसेल, तर प्रायोजक येणारच. वाद घालायचाच तर पुढच्या प्रश्नावर घालावा: त्याने पैसे मोजले, त्या बदल्यात त्याला नेमकं काय मिळालं? माझ्या मते त्याला व्हिडिओतला ठरलेला वेळ मिळावा. धड्याचा मजकूर, धड्याचा क्रम आणि शिक्षकाचं मत या तीन गोष्टी सौद्यात येऊच नयेत. तोंडी हे कुणीही मान्य करतं. अडतं ते करार लिहिताना, कारण या तीन गोष्टी कुणी उघडपणे मागत नाही. अप्रूव्हल, प्लेसमेंट आणि परफॉर्मन्स अशा साध्या दिसणाऱ्या कलमांतून त्या हळूच आत शिरतात.

‘जाहिरात आहे असं स्पष्ट सांगितलं की झालं, लपवाछपवी नको’ असं पुष्कळ जण म्हणतात. सांगायला तर हवंच. पण तेवढ्याने भागत नाही, हे २०२१ मध्ये जगातल्या एका मोठ्या विज्ञान चॅनलच्या बाबतीत दिसलं. डेरेक म्युलर यांच्या ‘व्हेरिटासियम’ने चालकाविना धावणाऱ्या गाड्यांवर व्हिडिओ केला, आणि तो प्रायोजित केला होता तशाच गाड्यांची सेवा चालवणाऱ्या ‘वेमो’ने. प्रायोजक कोण, हे व्हिडिओत सांगितलेलं होतं. तरी टीका झाली, आणि ती लपवल्याची नव्हती. या गाड्या आणा असा युक्तिवादच संपूर्ण व्हिडिओभर होता, म्हणजे धडा आणि जाहिरात वेगळी काढता येत नव्हती, हा तिचा रोख होता. जाहिरात कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे प्रेक्षकाला बोट ठेवून दाखवता येत नसेल, तर कोपऱ्यातल्या ‘जाहिरात’ या पट्टीचा उपयोग काय?

आमच्या चॅनलवर झालेल्या एका बोलणीचंच उदाहरण घेतो. दहावीच्या ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ या पाठावर चौदा मिनिटांचा व्हिडिओ ठरला होता. प्रायोजक होतं सराव चाचण्यांचं एक अ‍ॅप. बोलत होत्या त्यांच्या एजन्सीच्या मॅडम. त्यांचा ब्रीफ आला तो असा: पहिल्या मिनिटाच्या आत सुरू होणारा नव्वद सेकंदांचा उल्लेख, ‘मी स्वतः हे वापरतो’ हे वाक्य, ‘नव्वद टक्क्यांची तयारी’ हा दावा, अपलोडच्या आधी पूर्ण व्हिडिओला मंजुरी, वीस हजार रुपये आणि शिवाय दर नोंदणीमागे एकशे वीस रुपये. हा उल्लेख कायम ठेवायचा, आणि ती क्लिप स्वतःच्या जाहिरातीत वापरायचा हक्क कंपनीकडे. यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. साबणापासून शेअर ब्रोकरपर्यंत सगळ्यांसाठी फिरणारा हा साचा आहे. तो शिक्षकासाठी बेतलेला नाही, एवढंच.

सगळ्यात जास्त ओढाताण झाली ती जागेवरून. पहिल्या मिनिटाला मी नकार दिला, कारण त्या मिनिटात मूल आपण योग्य व्हिडिओ उघडला का हे तपासत असतं. मॅडमना ते पटलं. मग त्यांनी सातव्या मिनिटाची जागा सुचवली. ‘सर, तिथे तुम्ही फॉर्म्युला लिहून झालेला असतो, नॅचरल ब्रेक आहे, आणि पुढे उदाहरण असल्यामुळे मुलं थांबतातच.’ जाहिरातीच्या हिशोबाने हे अगदी बिनचूक होतं. शिकवण्याच्या हिशोबाने मात्र अख्ख्या व्हिडिओत याहून वाईट जागा नव्हती.

का, ते सांगतो. साडेचार मिनिटांपर्यंत किरणाकृती होतात. तिथून सातव्या मिनिटापर्यंत कार्टेशियन चिन्ह संकेत आणि भिंगाचं सूत्र येतं, 1/v − 1/u = 1/f. सातव्या मिनिटाला पहिलं उदाहरण: बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर २० सेंमी, वस्तू ३० सेंमीवर, तर प्रतिमा कुठे? वस्तू भिंगाच्या डावीकडे असल्यामुळे u उणे ३० घ्यायचा. मग 1/v = 1/20 − 1/30 = 1/60, म्हणजे प्रतिमा पलीकडे ६० सेंमीवर. उणे विसरलं तर 1/20 + 1/30 होतं आणि उत्तर १२ येतं. हा उणे मुलाच्या डोक्यात जेमतेम रुजलेला असतो. नेमक्या त्याच क्षणी आपण त्याला अ‍ॅपचा रंग, सवलतीचा कोड आणि खालची लिंक दाखवायची, आणि परत आल्यावर ‘आता u ची किंमत टाका’ म्हणायचं. मूल व्हिडिओ सोडून जाणार नाही, ते थांबेल. पण १२ हे उत्तर घेऊन थांबेल.

म्हणून सलग विचारांची साखळी तुटते तिथे उल्लेख नाही, हे आम्ही लेखी दिलं. व्याख्या आणि तिचं पहिलं उदाहरण, प्रश्न आणि त्याचं उत्तर, प्रयोगाची कृती आणि निरीक्षण, या जोड्यांच्या मध्ये कुणीही येणार नाही. उरल्या दोन जागा: किरणाकृती संपल्यावर साडेचार मिनिटांनी, किंवा पहिलं उदाहरण सुटल्यावर अकराव्या मिनिटाच्या आसपास. अकराव्या मिनिटापर्यंत प्रेक्षक कमी उरतात, ही प्रायोजकाची तक्रार रास्त होती. साडेचार मिनिटांवर दोघांचं जमलं आणि नव्वदची पंचेचाळीस सेकंदं झाली. लांबी कमी करून घेणं अवघड गेलं नाही. उल्लेख लांबला की मुलं दहा-दहा सेकंद पुढे सरकवतात, हे एजन्सीला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

इथे एक गोष्ट नवख्यांच्या हमखास नजरेतून सुटते. आठ मिनिटांहून मोठ्या व्हिडिओत यूट्यूब स्वतःच्या जाहिराती मध्येच घालू शकतं. प्रायोजकाचा उल्लेख संपायला आणि ती जाहिरात पडायला एकच गाठ पडली, तर मुलाला सलग दोन अडथळे येतात आणि राग फक्त सरांवर निघतो. यूट्यूब स्टुडिओत जाऊन या मधल्या जागा आपण हाताने ठरवू शकतो. उल्लेखाजवळची काढून टाकायची.

नुकसान झालं की नाही हे कळतं कसं? नुसत्या व्ह्यूजवरून नाही. प्रेक्षक किती वेळ टिकले याचा आलेख पाहायचा. उल्लेखाच्या जागी आलेख खाली जाणारच. तो लगेच पहिल्या रेषेला येऊन मिळाला, तर मुलांनी जाहिरात ओलांडली पण धडा धरून ठेवला, यात काही बिघडलं नाही. खाली गेला तो वर आलाच नाही, तर मुलं निघून गेली. तिसरी खूण जास्त बोलकी आहे: उल्लेखानंतर जरा पुढे, आधी नसायचा तिथे उंचवटा दिसला, किंवा उल्लेखाच्या आधीचा भाग पुन्हा पुन्हा पाहिला गेला, तर मुलं मागे जाऊन तुटलेला धागा शोधत आहेत असं समजायला जागा आहे. आलेखाच्या जोडीला शंका वाचाव्यात. ‘सर, १२ येतंय’ असं नेहमीपेक्षा जास्त मुलं लिहू लागली, तर दोष मुलांचा नाही.

मंजुरीच्या कलमावर मी अजिबात लवचीक नाही. पूर्ण व्हिडिओ आधी पाहायला मिळावा, ही मागणी वरवर साधी आहे. कंपनीला आपलं नाव कशाशेजारी येतंय हे कळायला नको का? कळायला हवं. म्हणून आम्ही विषय, पाठाचं नाव आणि मुद्द्यांची यादी आधी देतो. पण व्हिडिओ हातात पडला की माणूस सूचना करणारच. कुणी म्हणतं दुसरं उदाहरण कंटाळवाणं आहे, कुणी म्हणतं ‘इंटरनेटवर फुकट सराव प्रश्न मिळतात’ हे वाक्य आमच्या धंद्याच्या आड येतं. त्यामुळे करारात असं लिहिलं: पंचेचाळीस सेकंदांची संहिता कंपनीला दाखवू, दोन कामाच्या दिवसांत उत्तर यावं, दुरुस्ती एकदाच, आणि तीही किंमत, नाव, सुविधा यांतल्या वस्तुस्थितीच्या चुकांपुरती. चित्रीकरण झाल्यावर फक्त तेवढीच क्लिप पाठवू. धडा पाठवणार नाही.

आता शब्दांकडे येऊ. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत शिफारस करणाऱ्याचं मत प्रामाणिक आणि त्या वेळचं असावं, पुरेशी माहिती किंवा अनुभव यांवर आधारलेलं असावं, अशी अट आहे. ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभुलीच्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि वर्षभर शिफारस करायला बंदी घालता येते. तेव्हा ‘मी स्वतः वापरतो’ हे वाक्य गेलं. पन्नाशीचा विज्ञान शिक्षक दहावीच्या चाचण्या कशाला सोडवत बसेल? ‘नव्वद टक्के’ही गेलं. त्याऐवजी अ‍ॅप दोन आठवडे आधी उघडून द्यायला सांगितलं. भिंगांच्या पाठावरचे सगळे प्रश्न मी सोडवले. एका प्रश्नाच्या उत्तरात चिन्हाचीच चूक निघाली. कळवल्यावर त्यांनी ती दुरुस्त केली. मग मला खरं वाक्य मिळालं: ‘या पाठाचे प्रश्न मी सोडवून पाहिले आहेत.’ एवढंच म्हटलं, कारण एवढंच खरं होतं.

त्याच तत्त्वांत मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींचा वेगळा भाग आहे. मुलांच्या अननुभवाचा, भाबडेपणाचा किंवा निष्ठेच्या भावनेचा फायदा घेऊ नये, हे घ्या किंवा आईबाबांना घ्यायला सांगा असं त्यांना थेट भरीला घालू नये. चिप्सच्या पाकिटापेक्षा हा नियम शिक्षकाला जास्त लागू आहे असं मला वाटतं. पाकिटावर मुलाची निष्ठा नसते, सरांवर असते. ‘सर म्हणाले’ या दोन शब्दांवर कितीतरी घरांत आजही पैसे खर्च होतात. त्यामुळे ‘आजच घ्या’, ‘चोवीस तासच सवलत’, ‘आईबाबांना लिंक पाठवा’ ही तिन्ही वाक्यं आमच्या यादीत कायमची बाद आहेत.

एक वाक्य मात्र आम्ही मागून घेतलं. हे अ‍ॅप कुणासाठी नाही, ते सांगायचं. सुरुवातीला मॅडम म्हणाल्या, ‘सर, निगेटिव्ह बोललेलं क्लायंटला चालणार नाही.’ दोष काढायचा नाहीये, हे समजावलं. वाक्य असं ठरलं: ‘पाठ्यपुस्तकातला स्वाध्याय अजून झाला नसेल तर आधी तो करा, याची गरज नंतर.’ कंपनीने ते मान्य का केलं, हेही सांगायला हवं. पाठ न वाचता अ‍ॅप घेणारी मुलं चाचणीत आपटतात, अ‍ॅप काढून टाकतात आणि वाईट शेरा देऊन जातात. नको ते गिऱ्हाईक टळलं तर कंपनीचंही भलंच. शिक्षकाचा आणि प्रायोजकाचा फायदा जिथे एकाच दिशेने जातो अशा जागा असतात, पण त्या शोधून समोरच्याला दाखवाव्या लागतात.

उघड सांगण्याचे नियम सोपे आहेत, तरी अर्धवट पाळले जातात. अपलोड करताना ‘पेड प्रमोशन’ची खूण केली की यूट्यूब सुरुवातीला काही सेकंद सूचना दाखवतं, आणि काम झालं असं वाटतं. जाहिरात क्षेत्राच्या ‘अ‍ॅस्की’ या स्वयंनियमन संस्थेची २०२१ ची तत्त्वं त्याहून जास्त मागतात: व्हिडिओ दोन मिनिटांहून मोठा असेल तर ज्या भागात उत्पादनाबद्दल बोललं जातं त्या संपूर्ण भागात पट्टी दिसायला हवी. ती मराठीत असावी, हे मी माझ्याकडून जोडतो. मराठी माध्यमाच्या मुलासमोर बारीक अक्षरात ‘कोलॅब’ लिहून कुणाला काय कळणार? आम्ही ‘जाहिरात’ लिहितो आणि सुरुवातीलाच तोंडाने म्हणतो, ‘पुढच्या पाऊण मिनिटाचे पैसे या कंपनीने दिले आहेत.’ पाऊण मिनिट म्हटल्यामुळे जाहिरात संपणार कधी हेही मुलाला कळतं. प्रायोजकाला हे बोलणं कोरडं वाटलं. वाटू दे.

पैशांवर माझं मत बहुतेक सहकाऱ्यांना पटत नाही. नोंदणीमागे कमिशन हा शिक्षणातल्या जाहिरातीचा सर्वात घातक प्रकार आहे, आणि तो रकमेने मोठा असतो म्हणूनच घातक आहे. आमचंच गणित पाहा. वीस हजार अधिक दर नोंदणीमागे एकशे वीस. तीनशे मुलांनी नोंदणी केली असती तर एकूण छप्पन्न हजार. आम्ही ठरावीक पस्तीस हजारांवर करार केला, म्हणजे त्या अंदाजाने एकवीस हजार सोडले. पण कमिशन घेतलं की तीनशे एकावं मूल म्हणजे आणखी एकशे वीस रुपये. ‘आधी स्वाध्याय करा’ या वाक्याला मग किंमत लागते, आणि ती माझ्या खिशातून जाते. पुढच्या व्हिडिओत सराव प्रश्न थोडे कमी द्यावेत, म्हणजे मुलं अ‍ॅपकडे वळतील, असं कुणी सांगायला लागत नाही. ते आपोआप सुचू लागतं. ठरावीक रकमेत मुलाने घेतलं काय, न घेतलं काय, मला सारखंच.

सारखंच म्हणजे अगदी पूर्ण सारखं नाही, हे कबूल करायला हवं. लिंकवरून किती आले हे कंपनी मोजतेच आणि पुढचा करार त्यावरच ठरतो. मोजू नका म्हणणं पोरकटपणा होईल. ते ओझं उरतंच, पण दर मुलामागे पैसे मोजण्यापेक्षा खूपच हलकं.

ठरावीक रक्कम मागायची तर आकड्यांचा आधार लागतो. त्याच इयत्तेच्या, त्याच विषयाच्या शेवटच्या दहा व्हिडिओंना पहिल्या तीस दिवसांत किती व्ह्यूज मिळाले ते चढत्या क्रमाने लिहावं आणि मधला आकडा घ्यावा. सरासरी नको, एखादा व्हिडिओ चुकून गाजला की सरासरी खोटं बोलते, आणि प्रायोजकाला दिलेला शब्द पाळता येत नाही. शिवाय शालेय व्हिडिओची गोष्ट वेगळी आहे. जूनमध्ये टाकलेला धडा खरा पाहिला जातो जानेवारी-फेब्रुवारीत, बोर्डाच्या तोंडावर, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. तीस दिवसांचे पैसे देऊन कंपनी कितीतरी वर्षांची जाहिरात घेऊन जाते.

हे मी नुसत्या हिशोबासाठी म्हणत नाही. २०१९ ते २०२३ भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर नाव असलेली ‘बायजूज’ जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जर्सी बदलता येते. जुन्या धड्यात सरांच्या तोंडून गेलेली शिफारस मात्र तशीच वाजत राहते. म्हणून ‘कायम’ हा शब्द आम्ही खोडला आणि बारा महिने लिहिलं. त्यानंतर, किंवा त्याआधीही अ‍ॅप बंद पडलं, त्याची किंमत वा धोरण मुलांना तोट्याचं झालं, तर उल्लेख काढण्याचा हक्क आमचा. यूट्यूबच्या एडिटरमध्ये टाकलेल्या व्हिडिओतला मधला तुकडा छाटता येतो. पत्ता आणि व्ह्यूज तसेच राहतात. मात्र त्याची तयारी चित्रीकरणातच करावी लागते. उल्लेखाच्या दोन्ही टोकांना क्षणभर शांतता ठेवायची, पार्श्वसंगीत सलग ओढायचं नाही, आणि ‘आपण मघाशी त्या अ‍ॅपमध्ये पाहिलं तसं’ असं पुढे कुठेही म्हणायचं नाही. छाटल्यावर वर्णनातल्या त्यापुढच्या वेळा पंचेचाळीस सेकंदांनी मागे सरकवायच्या, नाहीतर ‘उदाहरण १’ वर बोट ठेवणारं मूल उदाहरणाच्या मध्येच जाऊन पडतं.

‘हे मोठ्या चॅनलला परवडतं, पाच हजार सबस्क्रायबरवाल्याने काय करायचं?’ असं विचारलं जातं, आणि प्रश्न खरा आहे. लहान चॅनलकडे नाही म्हणायची ऐपत कमी असते. पण त्याच्याकडे सोडण्यासारखं बरंच असतं. रक्कम थोडी कमी करता येते, वर्णनात लिंक वर ठेवता येते, एक वेगळी पोस्ट देता येते, प्रतिस्पर्धी कंपनीची जाहिरात दोन महिने न घेण्याचं कबूल करता येतं. यातलं काहीही मुलाच्या उत्तराला धक्का लावत नाही. जागा, मंजुरी, मत आणि कमिशन ही चार सोडून बाकी सगळ्यावर घासाघीस करावी.

आमचा करार शेवटी अडला तो क्लिपच्या हक्कावर. ती क्लिप आपल्या जाहिरातीत चालवायची असं कंपनीचं म्हणणं होतं, आणि काटछाट कशी करायची ते ती ठरवणार होती. काटछाटीत पहिलं जाणार ते ‘आधी स्वाध्याय करा’ आणि ‘पैसे दिले आहेत’, हे सांगायला ज्योतिषी नको. पंचेचाळीस सेकंदं जशीच्या तशी, ‘जाहिरात’ या पट्टीसह, तीस दिवस आणि परीक्षेच्या हंगामाबाहेर चालवा, असं आम्ही कळवलं. त्यांनी ते कलमच काढून टाकलं, बाकीच्यावर सही केली.

व्हिडिओ गेला. त्याच कंपनीने नंतर आणखी तीन पाठांसाठी विचारणा केली, आणि मेलमध्ये कमिशनची ओळ पुन्हा होती.